पगार एक महिना लांबलाय, आधी कुठलं बिल भरू?

चाकणचा_क्वालिटीवाला

नमस्कार मंडळी. वाचनमात्र असतो, आज पहिल्यांदा लिहितोय. चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीत आहे, पगार दर महिन्याच्या ७ तारखेला होतो. काल एचआरचं मेल आलं की मे महिन्याचा पगार ७ जूनऐवजी ७ जुलैला मिळेल, मोठ्या कस्टमरकडून पैसे अडकलेत वगैरे. हातात येतात ५८,४००. आज ३ तारीख आणि खात्यात ३१,२०० आहेत.

समोर काय काय आहे ते लिहितो. होम लोनचा हप्ता २१,८५० (५ तारीख), एसआयपी ५,००० (तीही ५ लाच), क्रेडिट कार्डचं बिल १८,७०० (१२), मुलीच्या शाळेची फी २२,००० (१५), टर्म इन्शुरन्सचा वार्षिक प्रीमियम १४,६०० (१८), सोसायटी मेंटेनन्स २,८००, लाईट बिल २,१०० च्या आसपास, कराडला आई-बाबांना ६,०००, कामवाल्या मावशी २,५००, आणि किराणा, दूध, पेट्रोल मिळून १४,००० धरा. बेरीज १,०९,५५० होते. म्हणजे ७८ हजारांचा खड्डा.

एक दीड लाखाची एफडी आहे आणि बायकोचं थोडं सोनं. बायको म्हणते एफडी मोडा, मित्र म्हणतो कार्डाचं मिनिमम भर आणि गप बस. नक्की कुठलं बिल आधी, कुठलं नंतर, आणि मधल्या महिन्याला पैसे कुठून आणायचे?

पोहेप्रेमी

जूनमध्येच बरोबर पैसे अडकतात कस्टमरचे. शाळा सुरू, पाऊस सुरू, पगार बंद.

विन्या_डोंबिवली

कायद्याने ७ तारखेच्या आत पगार द्यावाच लागतो. सरळ लेबर कमिशनरकडे तक्रार टाका. आणि बँकेकडून मोरॅटोरियम मागून घ्या, कोरोनात सगळ्यांना दिलेलं, तीन महिने हप्ता नाही.

खडूस_अकाउंटंट

विन्या, पहिलं बरोबर आहे. नव्या वेतन संहितेतही महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ च्या आत द्यायचा असंच आहे. पण तक्रार आज टाकली म्हणून परवाचा हप्ता भरला जात नाही, त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. दुसरं मात्र चूक. ते मोरॅटोरियम २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्टसाठी दिलं होतं, तेव्हापुरतं. आज शाखेत जाऊन मोरॅटोरियम म्हणालात तर समोरचा चहा विचारेल आणि दुसरं काही देणार नाही.

रश्मी_ठाणे

मी सांगते माझ्याकडून काय चूक झाली ती, म्हणजे तुम्ही करू नका. तीन वर्षांपूर्वी आमचाही पगार असाच लांबला, पंचवीस दिवस. मी हिशोब केला होता की खात्यात हप्त्यापुरते आहेत, निवांत होते. पण माझी एसआयपी आणि हप्ता एकाच तारखेला, सकाळी आधी एसआयपीचे चार हजार गेले आणि दुपारी हप्ता आला तेव्हा खात्यात साडेतेराशे कमी! हप्ता बाउन्स. माझ्या बँकेने वेगळा दंड लावला, लोनवाल्यांनी वेगळा, दोन्हीवर जीएसटी. वर चार दिवसांनी त्यांनी परत ऑटो-डेबिट टाकलं, मला माहितीच नव्हतं की परत टाकतात, तेही बाउन्स झालं आणि परत दंड. साडेतेराशे रुपयांपायी सतराशे गेले.

म्हणून आधी हे बघा की कुठलं बिल आपोआप कापलं जातं आणि कुठलं तुम्ही हाताने भरता.

जुनं_पासबुक

रश्मीताईंनी मुद्द्याला हात घातलाय. मी सहकारी बँकेत तेहतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे, थोडं सविस्तर लिहितो.

लोक बिलं रकमेवरून लावतात, मोठं आधी छोटं नंतर, किंवा ज्याचा फोन जास्त येतो ते आधी. मी एकच बघायला सांगतो, हे बिल तीस दिवस थांबलं तर नेमकं काय होतं? हप्ता थांबला तर दोन्हीकडून दंड, सिबिलला नोंद (आता बँका पूर्वीपेक्षा लवकर लवकर रिपोर्ट पाठवतात) आणि ऑटो-डेबिट परत जाणं हे चेक परत जाण्यासारखंच गुन्ह्यात बसू शकतं. म्हणजे हप्ता पहिला. कार्डाचं बिल थांबलं तर व्याज महिना साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे ते दुसरं. मेंटेनन्स थांबला तर सेक्रेटरी लिफ्टमध्ये तोंड फिरवेल. ते शेवटी.

लाईट बिल मुदतीनंतर भरलं तर महावितरण सव्वा टक्का आकार लावतं, तुमच्या बिलावर पंचवीस-तीस रुपये. वीज तोडायची तर आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तरी २,१०० साठी डोक्याला ताप नको, भरून टाका.

टर्मचा प्रीमियम वार्षिक आहे ना, मग ३० दिवसांचा ग्रेस मिळतो, म्हणजे १७-१८ जुलैपर्यंत. तेवढ्या दिवसांत विमा चालू असतो, काही बरंवाईट झालंच तर क्लेममधून प्रीमियम वजा करून पैसे देतात. पण पॉलिसीवर मुदत नीट वाचा, मासिक हप्ता असेल तर पंधराच दिवस असतात. आणि मेडिक्लेमला हा न्याय लावू नका, वार्षिक मेडिक्लेमची तारीख उलटली की मधल्या दिवसांतलं आजारपण बाहेर राहू शकतं.

शाळेत आजच अर्ज द्या, कंपनीचं मेल जोडून, निम्मी फी आत्ता आणि निम्मी जुलैत. १६ तारखेला गेलात तर उशिराचा दंड सांगतील, आज गेलात तर बहुतेक शाळा ऐकतात.

सुमेधा_सातारा

मावशींचे अडीच हजार कुठल्या नंबरावर आहेत ते कुणी बोललं नाही.

विन्या_डोंबिवली

ते पुढच्या महिन्यात दिले तरी चालतात की, घरचंच माणूस.

सुमेधा_सातारा

वा. कंपनीने तुम्हाला केलं की अन्याय आणि तुम्ही मावशींना केलं की घरचंच माणूस. त्यांचंही कुठलंतरी बिल १० तारखेला असेलच ना?

चाकणचा_क्वालिटीवाला

मावशींचे १ तारखेलाच द्यायचे असतात, दोन दिवस आधीच उशीर झालाय. आत्ताच देऊन आलो. (खात्यात आता २८,७००.)

काका, शाळेत जातो उद्या. एसआयपी लगेच थांबवू का?

जुनं_पासबुक

५ तारखेची आता थांबणार नाही, रद्द करायला दोनतीन कामाचे दिवस लागतात. हप्ता आणि एसआयपी मिळून २६,८५० होतात, खात्यात तेवढे आहेत, तर जाऊ द्या. मुद्दाम बाउन्स करू नका, म्युच्युअल फंडवाले दंड लावत नाहीत पण तुमची बँक लावते. जुलैपासूनची मात्र आजच थांबवा.

गुरुजी_बीडकर

आमचा पगार तर वर्षातून दोनतीनदा असा लांबतो, अनुदानित शाळेवर आहे, वरून निधी आला की होणार. आम्ही शिक्षकांच्या पतसंस्थेतून तातडीचं कर्ज घेतो, दोन जामीनदार की काम झालं. तुम्हीही पतसंस्थेतून घ्या.

खडूस_अकाउंटंट

गुरुजी, तुमचा पगार उशिरा येतो पण येतो, आणि मागचे दोन महिने एकदम येतात. खासगी कंपनीत तसं होईलच असं नाही. मी दोन कंपन्यांचं पेरोल बघितलंय म्हणून धागाकर्त्याला एक प्रश्न: ७ जुलैला मे आणि जून असे दोन पगार येणार आहेत, की फक्त मेचा येणार आणि जूनचा ७ ऑगस्टला? मेलमध्ये काय लिहिलंय ते शब्दशः बघा.

कारण हे सगळे जण एका महिन्याचा प्रश्न समजून उत्तरं देतायत. जर इथून पुढे कायम एक महिना मागे चालणार असेल तर तो अडकलेला पगार तुम्हाला कंपनी सोडेपर्यंत परत मिळत नाही. खड्डा भरत नाही, दर महिन्याला पुढे सरकतो. मग ३० दिवसांत परत करायचं कुठलंही कर्ज घेतलंत तर ३१ व्या दिवशी परत तिथेच उभे राहाल.

पोहेप्रेमी

म्हणजे सरकती सुट्टी असते तसा सरकता खड्डा. पुणे महापालिकेकडे तंत्रज्ञान तयार आहे.

चाकणचा_क्वालिटीवाला

मेलमध्ये एवढंच आहे की "मे महिन्याचे वेतन ७ जुलैपर्यंत अदा करण्यात येईल". जूनबद्दल काहीच नाही. एचआरला विचारलंय.

मनोज_हडपसर

एवढा विचार कशाला करताय राव, अॅपवर पाच मिनिटांत लोन मिळतं. नाहीतर कार्डावरून भाडं भरल्यासारखं दाखवून बायकोच्या खात्यात पैसे काढा.

रश्मी_ठाणे

कार्डावरून भाड्याची सोय बऱ्याच अॅपनी बंद केलीय, कुठल्या जगात आहात? आणि कार्डावर एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी.

नाव_नको

आयडी बदलून लिहितोय. मी घेतलं होतं अॅपवर. वीस हजार मंजूर, खात्यात आले सतरा हजार सहाशे, बाकी फी म्हणून आधीच कापून घेतले. परत करायचे वीस हजार आणि व्याज, तेही तिसाव्या दिवशी एकरकमी. पगार अजून आठ दिवस पुढे गेला म्हणून ते फेडायला दुसऱ्या अॅपवरून घेतले. दुसऱ्याचे फेडायला तिसरं. पाच महिन्यांनी मेहुण्याला सगळं सांगितलं तेव्हा सुटलो. व्याजापेक्षा ती एकरकमी तारीख मारते. अकाउंटंटसाहेब जे सरकता खड्डा म्हणतात ना, ते मी भोगलंय.

मनोज_हडपसर

ओके. माझा शब्द मागे.

जुनं_पासबुक

आता पैसे कुठून आणायचे त्यावर येतो. तुमच्याकडे एफडी आहे म्हणजे तुम्ही निम्म्याहून जास्त सुटलात. एफडी मोडू नका, ठेवतारण कर्ज घ्या, हल्ली त्याला एफडीवर ओडी म्हणतात. साधारण ९० टक्क्यांपर्यंत मर्यादा मिळते, म्हणजे दीड लाखावर १,३५,०००. व्याज तुमच्या एफडीच्या दरापेक्षा एखाददोन टक्के जास्त, आणि तेही जेवढे उचलाल तेवढ्यावर, जेवढे दिवस उचलाल तेवढेच. हप्ता नसतो, पाचशे आले पाचशे भरा. खाली एफडीचं व्याज चालूच राहतं.

तुमचा हिशोब घेऊ. १,०९,५५० मधून मेंटेनन्स २,८००, निम्मी फी ११,००० आणि प्रीमियम १४,६०० पुढे ढकलले. राहिले ८१,१५०. तुमचे ३१,२०० गेले की ४९,९५०, म्हणजे पन्नास हजार उचलायचे. ८ टक्के धरले तर महिन्याचं व्याज साडेतीनशेच्या आत.

आता मित्राचा सल्ला. कार्डाचे मिनिमम म्हणून हजारभर भरले की उरलेल्यावर नुसतं पुढचं व्याज लागत नाही, ज्या दिवशी खरेदी केली त्या दिवसापासून लागतं. शिवाय नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. पूर्ण भरेपर्यंत दीड हजाराच्या आसपास जातील. म्हणजे अठरा हजारांसाठी दीड हजार, आणि इकडे पन्नास हजारांसाठी साडेतीनशे.

पण एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय. पगार ७ जुलैला आणि पुढचा हप्ता ५ जुलैला. दोन दिवस आधी! तेव्हा तुम्हाला अजून २१,८५० लागणार, ते आत्ताच धरून ठेवा. ओडी मंजूर असली की काळजी नाही, मर्यादा मोठी घ्या आणि लागेल तसंच उचला.

चाकणचा_क्वालिटीवाला

बापरे, ५ जुलैचं खरंच डोक्यात आलं नव्हतं.

सुमेधा_सातारा

एफडी नसणाऱ्यांसाठी लिहिते. आमच्याकडे सोनेतारण केलं होतं, पगाराची स्लिप लागत नाही, तासाभरात पैसे मिळतात. दोन पाटल्या ठेवल्या. पण बुलेट, म्हणजे सगळं शेवटी एकदम, की महिन्याचं व्याज हे नीट विचारून घ्या, आम्ही वर्षभर काहीच भरलं नाही आणि शेवटी व्याजाचा आकडा बघून नवऱ्याचा चेहरा पाटल्यांपेक्षा पिवळा पडला.

आणि भिशी असेल तर बघा. आमच्या बाराजणींच्या भिशीत माझा नंबर नोव्हेंबरचा होता, एकीला खरं कारण सांगितलं, तिने आपला जूनचा मला दिला. फुकटात तीस हजार मिळाले.

विन्या_डोंबिवली

पीएफ काढायचा की. स्वतःचेच पैसे.

खडूस_अकाउंटंट

महिन्याच्या खड्ड्यासाठी पीएफला हात लावू नये असं माझं मत, पण पीएफचं पासबुक मात्र आज उघडा. एप्रिलच्या पगाराचा पीएफ कंपनीने १५ मेपर्यंत भरायचा असतो. तो दिसतोय का? पगार लांबवायच्या आधी कंपन्या बऱ्याचदा पीएफ लांबवतात, कारण ते कर्मचाऱ्याला लगेच कळत नाही. एप्रिलचा भरलेला असेल तर कस्टमरचे पैसे अडकलेत यावर विश्वास ठेवायला जागा आहे. फेब्रुवारीपासूनच नसेल तर हा जूनचा प्रश्न नाही.

अजून एक. पर्सनल लोन किंवा टॉप-अप लागेल असं वाटत असेल तर आत्ताच विचारा. बँक शेवटच्या तीन महिन्यांचे पगार जमा झालेले बघते. जूनचा रकाना रिकामा दिसला की तोच माणूस वेगळ्या आवाजात बोलतो.

गुरुजी_बीडकर

बाकी काही असो, पासबुकात नोंदी कधीकधी उशिरा दिसतात, लगेच घाबरू नका.

चाकणचा_क्वालिटीवाला

अपडेट देतो, आज ९ तारीख.

हप्ता आणि एसआयपी ५ ला गेली. शाळेने निम्मी फी १० जुलैपर्यंत थांबवली, फक्त अर्जावर दोघांच्या सह्या हव्या होत्या म्हणून दोन खेपा झाल्या.

ओडीची गंमत ऐका. अॅपमध्ये ऑप्शनच दिसेना. शाखेत गेलो तर कळलं की एफडी माझ्या आणि बाबांच्या नावावर, संयुक्त ठेवीवर ऑनलाइन होत नाही, दोघांच्या सह्या लागतात. बाबांना पगाराचं सांगितलंच नव्हतं. फोन केला, तर म्हणाले येतो, आणि काल सकाळच्या एसटीने कराडहून आले. काउंटरवर सही करताना एवढंच म्हणाले, "सहा हजार पाठवू नको दोन महिने, आम्हाला पेन्शन आहे." मी काही बोललो नाही. संध्याकाळपर्यंत लिमिट चालू झालं, १,३५,०००. कार्डाचे १८,७०० भरले.

रश्मी_ठाणे

बाबा भारी.

जुनं_पासबुक

संयुक्त ठेवीचं मी आधीच लिहायला हवं होतं, चुकलं माझं. ५ वर्षांची टॅक्स सेव्हिंग एफडी असेल तर तिच्यावर तर कर्जच मिळत नाही, तेही इथे नोंदवून ठेवतो.

मनोज_हडपसर

मग सहा हजार पाठवणार का नाही?

सुमेधा_सातारा

पाठवू नका. बाबांनी मदत केलीय तर घ्या, त्यांचाही मान राहतो.

पोहेप्रेमी

मी पाठवले असते. निम्मे तरी.

खडूस_अकाउंटंट

तो घरचा प्रश्न आहे. एचआर काय म्हणालं? आणि पीएफ?

चाकणचा_क्वालिटीवाला

एचआरने तोंडी सांगितलं, लेखी नाही. जूनचा ७ ऑगस्टला. "काही काळ हीच सायकल राहील." म्हणजे तुम्ही म्हणालात तेच.

पीएफमध्ये शेवटची नोंद मार्चची. एप्रिलची नाही.

खडूस_अकाउंटंट

मार्चची आहे म्हणजे फार जुनं नाही. गुरुजी म्हणतात तसं नोंद उशिराही दिसू शकते. २० जूनला परत बघा. तेव्हा एप्रिल आणि मे दोन्ही रिकामे दिसले तर समजा.

आता हिशोब बदला. जुलैत एकच पगार येणार, त्यात जुलैचा नेहमीचा खर्च कसाबसा बसेल. ढकललेले २८,४०० भरायला परत ओडीतूनच उचलावे लागतील, म्हणजे आकडा पन्नासवरून अठ्ठ्याहत्तर हजारांवर. महिन्याला सव्वापाचशे व्याज. त्यात मरण नाही, पण ते कमी कशाने होणार ते ठरवा. थांबवलेल्या एसआयपीचे पाच हजार दर महिन्याला तिथे टाकले तर दीड वर्ष लागेल. दिवाळी बोनस आला तर लवकर.

जुनं_पासबुक

आणि दर ७ तारखेला पगार आला की आधी ओडीत पाच हजार, मग बाकीचं. ओडीचं खातं फार आज्ञाधारक असतं, कुणी फोन करत नाही, म्हणूनच लोक ते वर्षानुवर्षं फिरवत बसतात. एफडीची मुदत कधी संपतेय तेही बघा, त्या दिवशी बँक आधी स्वतःचे वळते करून घेईल.

चाकणचा_क्वालिटीवाला

मुदत पुढच्या मार्चमध्ये संपतेय काका. म्हणजे मार्चपर्यंत फिटलं नाही तर बाबांच्या नावाच्या एफडीतूनच कापणार.

रिझ्युमे अपडेट करायला घेतलाय. तळेगाव साईडला क्वालिटीचं काही असेल तर कुणी व्यनि करा.

पोहेप्रेमी

आमच्याकडे जागा आहे, पगार ७ लाच होतो. कुठल्या महिन्याची ७ ते विचारू नका. (गंमत हो, व्यनि केलाय.)